सातशें शब्द कोठून काढावे ?

इतिहासाचा निबंध लिहिणें ही एक विद्या आहे, आणि लिहिलेला निबंध ठरलेल्या शब्दसंख्येंत आणणें ही दुसरी. पहिली विद्या शाळेंत थोडीफार शिकविली जाते; दुसरी बहुधा कोणीच शिकवीत नाहीं. परिणाम असा होतो कीं, निबंध मर्यादेबाहेर गेला म्हणजे विद्यार्थी आधीं विशेषणें खुडूं लागतो, आणि तेवढ्यानें भागत नाहीं असें दिसलें म्हणजे शेवटचीं दोन पानें सरळ गाळून टाकतो. पहिल्या उपायानें निबंध रोडावतो. दुसऱ्यानें त्याचें मस्तकच उडतें, कारण निबंधाचा सिद्धान्त बहुधा शेवटींच आलेला असतो.

या लेखांत आम्ही सर्वसामान्य नियमांचा पाढा न वाचतां एकच निबंध घेऊन त्याची काटछाट कशी झाली तें सांगणार आहों. कऱ्हाडला लागून असलेल्या आमच्या मलकापुरांतील एका घरची मुलगी महाविद्यालयांत इतिहास शिकते. “सातारचें राज्य इंग्रजांनीं खालसा कां केलें ?” या विषयावर तिनें निबंध लिहिला. मर्यादा १२०० शब्दांची होती, निबंध झाला १९०० शब्दांचा, आणि मर्यादेपलीकडचा मजकूर वाचला जाणार नाहीं अशी स्पष्ट सूचना होती. म्हणजे सातशें शब्द काढावयाचे. कऱ्हाडचा हा मुलूख त्याच राज्यांत मोडत असल्यामुळें घरांतील वडील माणसांनाहि या निबंधाविषयीं आस्था होती, आणि कोणते सातशें शब्द काढावे याविषयीं प्रत्येकाचें मत निराळें होतें.

पुढील विवेचन समजण्यापुरती हकीकत अशी. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस सातारच्या गादीवर बसविलें आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजीं त्यांच्याशीं तह केला. १८३९ सालीं कटाचा आरोप ठेवून त्यांस पदच्युत करून काशीस पाठविलें व त्यांचे बंधु शहाजी उर्फ आप्पासाहेब यांस गादी दिली. प्रतापसिंह १८४७ सालीं काशीस वारले. शहाजी ५ एप्रिल १८४८ रोजीं वारले. दोघांनींहि दत्तक घेतले होते. इंग्रजांनीं शहाजींचा दत्तक मान्य केला नाहीं व राज्य खालसा केलें.

काटछाटीची पहिली पायरी म्हणजे लेखणी खालीं ठेवणें. निबंधाकडे न पाहतां, आपल्याला काय सिद्ध करावयाचें आहे तें एका वाक्यांत सांगावयाचें. न्यायशास्त्रांत अनुमानाचे जे पांच अवयव सांगितले आहेत त्यांतील पहिला अवयव ‘प्रतिज्ञा’ हा आहे. इतिहासाच्या निबंधालाहि प्रतिज्ञा हवी. आम्हीं त्या मुलीस विचारलें, “तुझी प्रतिज्ञा काय ?” ती म्हणाली, “गुरुजी, डलहौसीच्या लोभामुळें राज्य गेलें.” आम्हीं म्हटलें, “लोभ हा मनांतला विकार आहे. तो कोणत्या कागदांत दाखवशील ?” तिनें थोडा विचार केला आणि आपल्या वहींतील टिपणें चाळून दुसरें वाक्य लिहिलें : दत्तकास मान्यता देण्यास तहाचे शब्द अनुकूल होते आणि मुंबईचे जबाबदार इंग्रज अधिकारीहि तसेंच म्हणत होते, तरी राज्य घेण्यांतील सोय अखेर वरचढ ठरली.

हें वाक्य हातीं आलें आणि अर्धें काम झालें. कारण आतां प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारतां येतो : या वाक्याचा कोणता भाग तूं सिद्ध करतोस ? ज्याला उत्तर देतां येत नाहीं त्याला, तो कितीहि सुंदर असो, जागा देतां येत नाहीं. पहिली प्रतिज्ञा कायम ठेवली असती तर मात्र कोणता परिच्छेद काढावा हें कधींच ठरलें नसतें. लोभाच्या पोटांत काय बसत नाहीं ?

दुसरी पायरी जमाखर्चाची. प्रत्येक भागाचे शब्द मोजून समासांत लिहावयाचे, आणि त्याच्यापुढें तो भाग काय काम करतो तें एका शब्दांत नोंदावयाचें : प्रतिज्ञा, हेतु, पुरावा, पूर्वपक्ष, पार्श्वभूमि किंवा निगमन. त्या मुलीचा हिशेब असा निघाला. प्रस्तावना २६० शब्द, शिवछत्रपतींपासून १८१८ पर्यंतची पार्श्वभूमि ४३०, प्रतापसिंहांची कारकीर्द व पदच्युति ४८०, दत्तक आणि राज्य खालसा होणें ४२०, रंगो बापूजींची विलायतेंतील खटपट १९०, समारोप १२०. एकूण १९००.

या आंकड्यांकडे पाहतांच रोग कोठें आहे तें दिसलें. प्रश्न १८४८ चा, पण १८४८ च्या प्रकरणाला एकचतुर्थांशाहूनहि कमी जागा, आणि त्याच्या आधींच्या दोनशें वर्षांना व प्रतापसिंहांना मिळून जवळजवळ अर्धा निबंध. ही चूक एकट्या त्या मुलीची नव्हे. इतिहासाच्या बहुतेक विद्यार्थ्यांची आहे. विद्यार्थी ज्या क्रमानें वाचतो त्याच क्रमानें लिहितो; जुना भाग आधीं वाचलेला व तोंडपाठ असतो, म्हणून तो ऐसपैस उतरतो, आणि खऱ्या प्रश्नाशीं येईपर्यंत हात दुखूं लागलेला असतो. म्हणून सर्व भागांतून सारखी छाट करणें ही सर्वांत मोठी चूक होय. प्रत्येक भागांतून तिसऱ्या हिश्शाहून थोडें अधिक काढलें असतें तर बेरीज बरोबर जमली असती, पण मुख्य प्रकरण अडीचशें-तीनशें शब्दांवर येऊन उपाशी मेलें असतें.

तिसरी पायरी म्हणजे मोठे तुकडे काढणें. शब्द शब्द वेंचण्यापूर्वीं परिच्छेदच्या परिच्छेद पाहावे. पार्श्वभूमीच्या ४३० शब्दांवर तिच्या आजोबांनीं हरकत घेतली. ते म्हणाले, “शिवाजीमहाराजांचें नांव काढून सातारचा इतिहास कसा लिहितां ?” हरकत आदरानें ऐकण्यासारखी होती. पण परिच्छेदाची योग्यता त्यांतील पुरुषाच्या थोरवीवर ठरत नसून त्या निबंधांत तो कोणतें काम करतो यावर ठरते. येथें त्या पार्श्वभूमीचें काम एवढेंच होतें कीं, सातारची गादी जुनी होती, पण १८१९ चें राज्य इंग्रजांनीं तहानें दिलेलें होतें. हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण पुढें डलहौसीची सारी इमारत त्यावरच उभी राहते. तो भेद सांगण्यास ९० शब्द पुरले, आणि त्यांत शिवछत्रपतींचें नांवहि राहिलें.

प्रतापसिंहांच्या कारकीर्दीच्या ४८० शब्दांत त्यांची विद्येची आवड, रस्ते, राज्यकारभार, मग १८३९ चे आरोप, गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान बांधल्याची गोष्ट, गव्हर्नर कारनॅक यांनीं दोष कबूल करण्याची घातलेली अट आणि महाराजांनीं दिलेला बाणेदार नकार, हें सर्व आलें होतें. मजकूर खरा, सरसहि. पण १८३९ चें प्रकरण गुन्ह्याच्या आरोपाचें आहे आणि १८४८ चें वारसाचें. दोहोंत इंग्रजांनीं राज्यावर हात टाकला एवढेंच साम्य. जो निबंध वारसाच्या प्रश्नावर आहे त्यांत आरोपांचा खरेखोटेपणा तपासूं लागलों तर दुसराच निबंध सुरू होतो. मात्र एक गोष्ट ठेवणें अवश्य होतें : शहाजींना गादीवर इंग्रजांनींच बसविलें होतें, आणि तरी त्यांनीं १८१९ च्या तहाच्याच पायावर तें राज्य चालूं दिलें. ही गोष्ट प्रतिज्ञेच्या उपयोगाची म्हणून राहिली. ४८० चे १९० झाले.

रंगो बापूजींचे १९० शब्द काढतांना सर्वांनाच वाईट वाटलें. स्वामीच्या न्यायासाठीं सुमारें चौदा वर्षें विलायतेंत झगडलेला हा पुरुष. त्याला चार ओळींत आटोपणें म्हणजे कृतघ्नपणा, असें तिच्या काकूंचें म्हणणें पडलें. पण ते विलायतेस गेले ते प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठीं, म्हणजे १८३९ च्या प्रकरणासाठीं. येथें त्यांचा उपयोग एवढाच कीं, सातारच्या प्रश्नावर इंग्लंडांतहि उघड वाद चालू होता हें त्यांच्यामुळें सिद्ध होतें. तेवढ्यासाठीं ८० शब्द ठेविले. उरलेले शब्द त्या मुलीनें निराळ्या वहींत उतरून ठेविले, आणि तें योग्यच झालें. काढलेला मजकूर नष्ट करावयाचा नसतो, तो दुसऱ्या निबंधाचें बीं असतो.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, काटछाट म्हणजे केवळ वजाबाकी. पण याच वेळीं आम्हीं तिला मुख्य प्रकरणांत भर घालण्यास सांगितलें. कारण जमाखर्चांत एक गोष्ट उघडी पडली होती : ‘पूर्वपक्ष’ हा शब्द समासांत कोठेंच आला नव्हता. डलहौसीचें म्हणणें काय होतें हें निबंधांत नव्हतेंच. फक्त त्यांनीं अन्याय केला एवढें होतें. जागा अपुरी पडली म्हणजे विद्यार्थी सर्वांत आधीं प्रतिपक्षाचें म्हणणें गाळतो, कारण तें आपल्या विरुद्ध आहे. पण पूर्वपक्षावांचून सिद्धान्त हा सिद्धान्तच नव्हे. तो नुसता निकाल होय, आणि तोहि एकतर्फी.

डलहौसींचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. सातारचें राज्य कंपनीनेंच निर्माण केलेलें, म्हणून तें मांडलिक. मांडलिकानें घेतलेल्या दत्तकास खाजगी मालमत्तेचा वारसा मिळूं शकतो. राज्याचा वारसा मिळण्यास सार्वभौम सत्तेची संमति लागते, आणि ती देणें बंधनकारक नाहीं. शिवाय हा मुलूख इंग्रजी अंमलाच्या पोटांत, मुंबई इलाख्याच्या दोन मुख्य लष्करी ठाण्यांच्या मध्यें पडलेला; तो हातीं आल्यास लष्करी बळ व वसूल दोन्ही वाढतील. हें सर्व त्यांनीं आपल्या टिपणांत उघड लिहिलें आहे.

आतां पाहा, हा पूर्वपक्ष घालतांच प्रतिज्ञेचा पुरावाहि हातीं आला. सोयीचें कारण डलहौसींच्या स्वतःच्या लेखांत आहे. मग ‘लोभ’ हा शब्द वापरण्याची गरजच काय? आणि मांडलिकत्वाच्या युक्तिवादास उत्तर १८१९ च्या तहांतच आहे : तो मुलूख प्रतापसिंहांस, त्यांच्या वारसांस व उत्तराधिकाऱ्यांस कायमचा दिला होता. या शब्दांत दत्तक येतो कीं नाहीं हाच वादाचा खरा मुद्दा. म्हणून तहांतील ते चार शब्द जसेच्या तसे ठेवावयाचे. त्यांचा सारांश करावयाचा नाहीं. ज्या पुराव्याचें सामर्थ्य त्याच्या शब्दांत असतें त्याला हात लावूं नये. ज्याचें सामर्थ्य त्यांतील घटनेंत असतें तो खुशाल संक्षेपानें सांगावा. हा विवेक सुटला म्हणजे विद्यार्थी तहाचे शब्द गाळतो आणि राजाच्या अंत्ययात्रेचें वर्णन ठेवतो.

पुराव्यांतहि निवड करावी लागते. खालसाचें धोरण डलहौसींच्या आधींचें होतें हें दाखविण्यासाठीं तिनें कित्तूर, कुलाबा, मांडवी अशीं तीन उदाहरणें दिलीं होतीं आणि शिवाय कंपनीच्या डायरेक्टरांचें १८४१ चें धोरणहि सांगितलें होतें, कीं न्यायानें व मानानें मिळणारा मुलूख हातचा सोडूं नये. एकच गोष्ट सिद्ध करणारे चार पुरावे असतील तर सर्वांत वरच्या अधिकाऱ्याचा, सर्वांत जवळच्या काळाचा एक ठेवावा. तिनें १८४१ चें धोरण ठेवून तीन संस्थानें एका वाक्यांत नांवानिशीं उल्लेखिलीं. तसेंच झांशी व नागपूर हीं पुढचीं उदाहरणें काढलीं; १८४८ चा निर्णय कां झाला हें त्यानंतरच्या घटनांनीं सिद्ध होत नाहीं.

एवढें झाल्यावर मगच चौथी पायरी, म्हणजे वाक्यांची छाट. येथें एक उदाहरण सविस्तर देतों. मूळ मजकूर असा होता :

“इसवी सन १८४८ सालच्या एप्रिल महिन्याच्या पांचव्या तारखेस साताऱ्याचे महाराज शहाजी उर्फ आप्पासाहेब यांचें दुःखद निधन झालें. मृत्यूपूर्वीं थोडेच तास आधीं त्यांनीं धर्मशास्त्राप्रमाणें एक मुलगा दत्तक घेतला होता ही गोष्ट येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. परंतु इंग्रज सरकारनें हें दत्तविधान मान्य केलें नाहीं व त्यामुळें साताऱ्याचें राज्य इंग्रजी अंमलाखालीं गेलें. या निर्णयाला अनेक इंग्रज अधिकाऱ्यांचाहि विरोध होता असें दिसून येतें.”

हे ५९ शब्द. सुधारलेला मजकूर असा :

“५ एप्रिल १८४८ रोजीं शहाजी महाराज वारले, मृत्यूपूर्वीं कांहीं तास त्यांनीं मुलगा दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क व रेसिडेंट बार्टल फ्रियर यांनीं तो दत्तक मानावा असें सुचविलें. गव्हर्नर-जनरल डलहौसी यांनीं तें अमान्य करून राज्य खालसा करण्याचा निर्णय दिला.”

हे ४१ शब्द. अठरा शब्द वाचले. पण खरी कमाई निराळीच आहे. मूळांत ‘अनेक अधिकारी’ होते, म्हणजे कोणीच नव्हते. आतां दोन माणसें नांवानें व हुद्द्यानें उभीं आहेत. मूळांत निर्णय ‘इंग्रज सरकारनें’ घेतला होता; आतां सरकारच्या पोटांतील मतभेद दिसतो, आणि प्रतिज्ञेला तोच हवा होता. शब्द गेले ते तारखेच्या विस्तारांतून, ‘दुःखद’सारख्या भावनेंतून, एकाच अर्थाच्या ‘पूर्वीं’ व ‘आधीं’ या द्विरुक्तींतून, आणि ‘लक्षांत ठेवण्यासारखी आहे’, ‘असें दिसून येतें’ या शेपटांतून. अशीं शेपटें प्रत्येक परिच्छेदांत एकदोन सांपडतात. मात्र एक पथ्य पाळावें : जेथें ‘असें दिसतें’ हे शब्द खरोखरच पुराव्याची अनिश्चितता दाखवितात तेथें ते काढूं नयेत. ते काढले तर अनुमानाचें विधान होतें, आणि तें असत्य होय.

एक लबाडी येथें सांगून ठेवितों. आपली भाषा समासप्रिय असल्यामुळें चार शब्दांचा एक शब्द करणें सोपें असतें. ‘साताऱ्याचें राज्य खालसा झाल्याचें प्रकरण’ याचें ‘सातारा-राज्य-हरण-प्रकरण’ केलें कीं मोजणींत चार शब्द वांचतात. सूत्रकारांस अर्ध्या मात्रेची बचतहि प्रिय होती हें खरें. पण त्यांच्या सूत्रांमागें अर्थ उलगडणारा भाष्यकार उभा होता. विद्यार्थ्यामागें तसा कोणी नसतो. अशा समासांनीं शब्दसंख्या घटते, वाचणाऱ्याचे कष्ट घटत नाहींत. तळटिपांत मजकूर दडविण्याचेंहि तसेंच. टिपा मोजणीत धरल्या जातात कीं नाहीं हा नियम आधीं वाचून पाहावा.

शेवटची पायरी सांधे तपासण्याची. मोठा तुकडा काढला म्हणजे त्याच्याकडे बोट दाखविणारे शब्द मागें लोंबत राहतात. या निबंधांत तसें एक ठिकाण सांपडलें. शेवटच्या भागांत ‘दोन्ही दत्तकांचा हक्क नाकारला’ असें वाक्य होतें. परंतु प्रतापसिंहांनीं काशीस दत्तक घेतल्याचें वाक्य छाटीत उडालें होतें, त्यामुळें दुसरा दत्तक कोण हें कळेना. एक वाक्य परत घालावें लागलें. अशा चुका लेखकास दिसत नाहींत, कारण गाळलेला मजकूर त्याच्या मनांत शिल्लक असतो. म्हणून ‘हा’, ‘तो’, ‘वरील’, ‘म्हणून’, ‘दोन्ही’ या शब्दांखालीं रेघ ओढून प्रत्येकाचा संबंध पानावर दिसतो कीं नाहीं तें पाहावें.

त्यानंतर दोन कसोट्या लावाव्या. प्रत्येक परिच्छेदाचें फक्त पहिलें वाक्य क्रमानें वाचावें. त्यांतून युक्तिवाद उभा राहत असेल तर सांगाडा शाबूत आहे. मग मूळ निबंध न वाचलेल्या घरांतील एखाद्या माणसास नवा निबंध द्यावा आणि प्रतिज्ञा कोणती व तिला आधार कोणते तें विचारावें. या निबंधास ही दुसरी कसोटी काकूंनीं लाविली. त्यांनीं तह, क्लार्क-फ्रियर यांचें मत आणि लष्करी ठाणीं हे तिन्ही आधार बरोबर सांगितले. १८४१ चें धोरण मात्र त्यांच्या ध्यानांत राहिलें नव्हतें. पाहतां तें परिच्छेदाच्या मध्यें दडलेलें आढळलें. त्यास परिच्छेदाच्या आरंभीं आणलें. शब्द एकहि वाढला नाहीं.

अखेरचा हिशेब असा जमला : प्रस्तावना ११०, पार्श्वभूमि ९०, प्रतापसिंह १९०, दत्तक व खालसा ५९०, रंगो बापूजी ८०, समारोप १००, एकूण ११६०. चाळीस शब्द शिल्लक ठेविले, कारण नक्कल करतांना एखादा दुवा राहिल्याचें ध्यानांत येतेंच. वाचकांनीं पाहावें कीं, निबंधांतून ७४० शब्द कमी झाले, पण मुख्य प्रकरण १७० शब्दांनीं वाढलें आहे. आपल्या घरांतील मुलांचा लांबलेला निबंध हातीं आला तर त्यांस “थोडें कमी कर” असें सांगूं नये. प्रत्येक भागाचे शब्द मोजावयास सांगावे, आणि सर्वांत कमी जागा कोणत्या भागाला मिळाली आहे तें विचारावें. पुष्कळ वेळां तोच भाग त्या निबंधाचा प्राण असतो.